आठवा महिना, रात्रीचे तीन : कूस, आंबट ढेकर, पायात वांब… तुम्ही कशा झोपलात?

गोधडीवाली · मंगळवार, पहाटे ३:४०

आत्ता पोटरीत वांब आला म्हणून उठलेय. आता झोप काही येत नाही, म्हणून लिहायला बसले. ३३वा आठवडा, पहिलंच बाळ. गेल्या आठवड्यात माहेरी साताऱ्याला आले.

डॉक्टरांना "झोप लागत नाही" म्हटलं की "या दिवसांत होतंच" एवढंच उत्तर येतं. म्हणून कालची रात्र वहीत उतरवून ठेवली. पावणेदहाला जेवण, कारण बाबा दुकान बंद करून आल्यावरच सगळे एकत्र बसतो. जेवणावर लगेच पेलाभर दूध, आणि त्याच्याबरोबर लोहाची नि कॅल्शियमची गोळी एकदमच, म्हणजे विसरायला नको. सव्वादहाला आडवी. अकराला छातीत जळजळ, घशाशी आंबट. तीन उशा रचल्या, तर मान आखडली. साडेबाराला लघवीला, पावणेदोनला परत, तीनला परत. सव्वातीनला डाव्या पोटरीत असा गोळा आला की ओरडलेच. आई धावत आली.

पण खरा त्रास वेगळाच. आजी म्हणते, कूस बदलताना पडल्या पडल्या वळायचं नाही. आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या कुशीवर व्हायचं, नाहीतर बाळाच्या गळ्यात नाळ गुंडाळते. आणि बाकी सगळ्या म्हणतात की डावी कूस सोडूच नको. डावा खांदा आणि खुबा इतके ठणकतात की तासाभरात वळावंच लागतं, आणि दर वेळी उठून बसलं की झोप पार उडते. परवा तर जाग आली तेव्हा मी चक्क उताणी होते. तेव्हापासून धसकाच घेतलाय.

मोगरा_के · मंगळवार, सकाळी ७:१५

अगं, डावीच कूस! उजव्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते, तिच्यावर भार आला की बाळाचं रक्त तुटतं. मी दोन्ही वेळा शेवटचे तीन महिने फक्त डावीकडे झोपले. नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की मी वळले तर हलवून उठव. बिचारा रात्रभर राखण करायचा. वांबांसाठी रोज दोन केळी. कॅल्शियम कमी पडलं की वांब येतात, एवढं साधं आहे.

भटक्या_नाना · मंगळवार, सकाळी ८:०२

आमच्या सुनेलाही झोपेचा फार त्रास झाला. बाळ दर दोन तासांनी रडायचं. आम्ही पाळणा खोलीबाहेर घेतला आणि आळीपाळीने जागलो. आईने दुपारी बाळाबरोबर झोपून घ्यावं.

गोधडीवाली · मंगळवार, सकाळी ८:२०

नाना, बाळ अजून पोटातच आहे 😀 पण वाचून ठेवते, कामी येईल.

सिस्टर_वहिनी · मंगळवार, दुपारी २:५०

ड्युटीवरून आत्ता आले. २२ वर्षं प्रसूती विभागात काढली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी आजींचं. नाळ कूस बदलल्याने गुंडाळत नाही. बाळ पाण्यात तरंगत असतं आणि स्वतःच कोलांट्या मारतं, नाळ गुंडाळली तर त्यामुळे. बाळंतपणात गळ्याभोवती एखादा वेढा दिसणं इतकं नेहमीचं आहे की चार-पाच बाळंतपणांमागे एकदा तरी आम्ही बघतो. बहुतेक वेळा डोकं बाहेर आलं की बोटाने तो वेढा सरकवायचा, संपलं. आईने रात्री उठून बसून कूस बदलली होती का, असं त्या वेढ्याला विचारता येत नाही! आजींना दुखवू नकोस, पण पडल्या पडल्या खुशाल वळ. वळताना एकच कर: दोन्ही गुडघे जवळ घे, मधली उशी मांड्यांत धरून ठेव आणि खांदा, पोट, गुडघे सगळं एकदम वळव. आधी खांदे आणि मग कंबर असं पिळलं की ओटीपोटाच्या सांध्यात कळ जाते. पलंगावरून उठतानाही तसंच. कुशीवर हो, पाय खाली सोड आणि हाताच्या रेट्याने उठ. सरळ उताणं असताना झटका देऊन उठू नकोस.

आता कूस. २८ आठवड्यांनंतर उताणं झोपू नये, हे बरोबर. गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परत जाणारं रक्त कमी होतं. काही जणींना तपासणीच्या टेबलावर उताणं ठेवलं की दोन मिनिटांत घाम फुटतो, गरगरतं, मळमळतं, ते यामुळेच. कुशीवर केलं की लगेच बरं वाटतं. ती शीर किंचित उजव्या अंगाला असते, म्हणून "डावी" हा शब्द रूढ झाला. पण उजव्या कुशीवर "रक्त तुटत" नाही. तुझा डावा खुबा दुखतोय ना, मग उजवीकडे झोप.

मध्यरात्री जाग येऊन उताणी सापडलीस तर घाबरायचं कारण नाही. कुशीवर हो आणि झोप. रात्री झोपताना ज्या स्थितीत डोळा लागतो ती महत्त्वाची, कारण माणूस त्याच स्थितीत सर्वांत जास्त वेळ राहतो. पाठीमागे एक लोड किंवा गुंडाळलेली गोधडी लाव, म्हणजे झोपेत कललीस तरी पूर्ण उताणी होणार नाहीस, तिरकी राहशील. नवऱ्याला जागवायची गरज नाही, मोगरा. 😄

लेस्टरची_लेक · मंगळवार, संध्याकाळी ६:१०

इकडे इंग्लंडमध्ये मला मिडवाइफने हेच सांगितलं. "कुशीवर झोप, डावी-उजवी तुझी मर्जी." २०१७ साली इथे याची मोठी मोहीमही झाली होती. माझी सासू फोनवर नागपूरहून "डावी, डावी" करत होती आणि दवाखान्यात कुणी त्याचं नावही काढत नव्हतं. मी गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पोटाखाली घडी केलेला टॉवेल ठेवायचे. पोट गादीवर लोंबकळत राहतं ना, त्याला तो टेकू फार बरा वाटतो. बाजारातली लांबलचक यू आकाराची उशीही आणली होती, पण कूस बदलायची म्हणजे ती सगळी मोट वळवायची. चार दिवसांत कपाटावर गेली.

आकडेमोड · मंगळवार, रात्री ९:३०

थोडा विरोधी सूर. उताण्या झोपेच्या भीतीमागचे आकडे मुख्यतः अशा अभ्यासांतून आले, ज्यांत बाळ दगावलेल्या आईला नंतर विचारलं की "त्या रात्री कशी झोपली होतीस?" दुःखात असलेल्या माणसाची आठवण किती धरायची? २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे ८,७०० बायकांना आधीच विचारून ठेवलं होतं, त्यात उताणं झोपण्याचा आणि अशा घटनांचा संबंध दिसला नाही.

लेस्टरची_लेक · मंगळवार, रात्री १०:४५

तो अभ्यास ३० आठवड्यांपर्यंतच्या झोपेचा होता. गोधडीवाली आहे ३३व्यात. त्याच वर्षी बऱ्याच देशांतली माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा २८ आठवड्यांनंतर उताणं झोपी जाणाऱ्यांत हा धोका अडीचपटीहून थोडा जास्त निघाला. मुळातला धोका फार लहान असतो, त्याची ती पट, हेही खरं. आणि त्यात डाव्या-उजव्यात फरक आढळला नाही.

आकडेमोड · मंगळवार, रात्री ११:०५

३०चा मुद्दा मान्य. आठवणीचा मुद्दा मात्र सोडत नाही. कुशीवर झोपायला काही खर्च येत नाही, तेव्हा झोपावं. पण एकदा उताणी सापडली म्हणून कुणी रडू नये, एवढंच म्हणणं होतं.

सिस्टर_वहिनी · बुधवार, सकाळी ६:४०

त्यावर आपलं एकमत आहे. आता जळजळ. गोधडीवाली, तुझ्या वहीतच उत्तर आहे गं. पावणेदहाला जेवण, त्यावर पेलाभर दूध आणि सव्वादहाला आडवी. जठर आणि अन्ननलिका यांच्यामधली झडप या दिवसांत सैल झालेली असते, वरून गर्भाशय जठराला वर ढकलतंय, आणि तू भरल्या पोटी आडवी होतेस. मग घशाशी येणारच. बाबांसाठी थांबू नकोस. साडेसातला थोडंसं जेव आणि बाबा जेवतील तेव्हा नुसती सोबतीला बस. जेवण आणि झोप यांत निदान दोन-तीन तास जाऊ देत.

उशांचा ढीग उपयोगाचा नाही. मानेखाली तीन उशा घेतल्या की शरीर कंबरेत वाकतं, पोट दाबलं जातं आणि आंबट उलट वर चढतं. पलंगाची डोक्याकडची बाजूच उचलायची, सहा ते आठ इंच. तुझा दिवाण पायांचा आहे की खाली पेटीचा?

गोधडीवाली · बुधवार, सकाळी ९:१०

पायांचा, लाकडी. आणि त्या दोन गोळ्यांचं काय? सांगायची राहिलीत.

सिस्टर_वहिनी · बुधवार, दुपारी ३:२०

मग सोपं आहे. डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या, एकावर एक. साधारण सहा इंच होतात. फरशीवर सरकू नये म्हणून विटांखाली रबरी पायपुसणं आणि पलंगाची पायाकडची बाजू भिंतीला टेकलेली. हे काम बाबांना किंवा भावाला सांग, तू उचलायला जाऊ नकोस. बसून जोर देऊन हलवून बघा, डुगडुगलं तर विटा काढून लाकडी ठोकळे करून घ्या. पेटीचा पलंग असता तर गादीखाली डोक्यापासून कंबरेपर्यंत वाकळी घालून उतार करायला सांगितला असता.

गोळ्या: लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. दूध आणि चहाही तेच करतात. म्हणजे तू रोज गोळी घेतेस, पण तिच्यातलं बरंच वाया जातंय. कॅल्शियम जेवणासोबत, सकाळी आणि दुपारी. लोह त्यापासून निदान दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर चालेल. रात्री झोपताना लोह घेतलं की काहींना त्याचीच जळजळ होते. पित्ताचं औषध घेत असशील तर तेही लोहापासून दोन तास दूर. वेळा बदलल्यास की डॉक्टरांच्या कानावर घाल, गोळ्या बंद मात्र करू नकोस. आणि खाण्याचा सोडा किंवा फसफसणारी पावडर घेऊन तात्पुरतं बरं करू नका. त्यात सोडियम भरपूर असतं. डॉक्टरांना विचारून पातळ औषध घ्या.

मोगरा_के · बुधवार, दुपारी ४:०५

जळजळ म्हणजे बाळाला भरपूर जावळ! माझ्या दोन्ही मुलांचं खरं ठरलं.

आकडेमोड · बुधवार, संध्याकाळी ५:२२

हसू नका, पण अमेरिकेत २००६ मध्ये ६४ बायकांवर हे तपासलं होतं. जळजळ जास्त असणाऱ्यांच्या बाळांना केस खरंच जास्त निघाले! खोटं ठरवायला गेले होते. ६४ म्हणजे फार थोड्या, तेव्हा मोगराताईंनी फार खूश होऊ नये.

रानजाई · बुधवार, रात्री ८:५०

हसण्यात विरजण घालतेय, पण लिहायला हवं. मलाही ३५व्या आठवड्यात "जळजळ" होत होती. पण ती छातीच्या मधोमध नव्हती, तर उजव्या बरगडीखाली होती. आंबट ढेकर नाही, औषध घेऊन काही फरक नाही. जोडीला डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं व्हायचं. दोन दिवस सगळ्यांनी पित्तच म्हटलं. तिसऱ्या दिवशी चेहरा सुजला, तेव्हा दवाखान्यात नेलं. रक्तदाब १६०च्या वर होता. त्या रात्रीच दाखल केलं आणि दुसऱ्या दिवशी सिझर झालं. मुलगी आता चार वर्षांची आहे. अशी जळजळ असेल तर उशा बदलत बसू नका, आधी रक्तदाब मोजा.

सिस्टर_वहिनी · बुधवार, रात्री ९:४०

रानजाई, बरं झालं लिहिलंस. पित्त समजून थांबलेल्या बायका आम्ही पाहतो. आणखी एक, कुणी विचारलं नाही तरी सांगते. रात्री झोपमोड करणारी खाज, विशेषतः तळहात-तळपायांना, आणि अंगावर पुरळ नाही, तर खोबरेल लावून गप्प बसू नका. यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी लागते. आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखान्यात.

गोधडीवाली · बुधवार, रात्री १०:३०

माझी मधोमधच आहे, आणि सोबत आंबट. रक्तदाब सोमवारी ठीक होता. तरी उद्या शेजारच्या आरोग्य केंद्रात मोजून येते. आणि वांबांचं काय करू? मोगराताई, केळी खाते रोज. काही फरक नाही.

सिस्टर_वहिनी · गुरुवार, दुपारी १:१५

वांब आला की गुडघा सरळ कर आणि पावलाचा चवडा नडगीकडे ओढ. हात पोचत नसेल तर ओढणीची पट्टी चवड्याला अडकवून ओढ, किंवा उभी राहून टाच जमिनीला टेकव. बायका अंथरुणात आळस देताना बोटं पुढे ताणतात, तिथेच वांब धरतो. म्हणून ताणायचं ते टाच पुढे करून. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीवर, असा पोटरीला ताण दे. प्रत्येक पायाला अर्धा मिनिट, तीनदा.

कॅल्शियमबद्दल मोगराचं अर्धं खरं आहे. कमतरता असेल तर ती भरायलाच हवी. पण कॅल्शियम नीट चालू असूनही वांब येणाऱ्या कितीतरी जणी आहेत. मॅग्नेशियमही काही डॉक्टर देतात. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. चाचण्यांतही ठाम उत्तर मिळालेलं नाही.

वांब दोन-चार मिनिटांत सुटतो, नंतर पोटरी दुखरी राहते. पण एकच पाय सुजला, गरम-लालसर झाला आणि दुखणं जातच नाही, तर तो वांब नव्हे. तिथे चोळू नका, लगेच दाखवा. शिरेत गुठळी असू शकते.

मोगरा_के · गुरुवार, दुपारी २:००

मला दुसऱ्या वेळी वांब नव्हते, पण रात्री पायांत काहीतरी वळवळायचं. हलवल्याशिवाय चैन पडायचं नाही, उठून फेऱ्या मारल्या की बरं. ते काय असतं?

सिस्टर_वहिनी · गुरुवार, दुपारी २:३०

ते वेगळं. त्यात दुखत नाही, पाय हलवत राहावासा वाटतो. अशा वेळी शरीरातला लोहाचा साठा तपासतात. हिमोग्लोबिन बरं असूनही साठा कमी असू शकतो.

लेस्टरची_लेक · गुरुवार, संध्याकाळी ७:००

लघवीबद्दल एक युक्ती. पाणी कमी करू नकोस. दिवसा भरपूर पी, रात्रीच्या जेवणानंतर घोट-घोट. पण मला खरा फरक पडला तो संध्याकाळी तासभर कुशीवर पडून पायांखाली उशी घेतल्याने. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झालं की परत रक्तात येतं आणि लघवीवाटे जातं. ते रात्रीऐवजी संध्याकाळीच जाऊ द्यायचं. लघवी करताना आग होत असेल तर मात्र तपासून घे.

गोधडीवाली · पुढचा बुधवार, सकाळी १०:२०

सहा रात्रींचा हिशोब. रक्तदाब ११०/७०. जेवण साडेसातला सुरू केलं. पहिल्या दिवशी बाबांचं तोंड उतरलं, आता ते आल्यावर मी ताक घेऊन शेजारी बसते. (वहिनी, ताक अर्धी वाटीच.) दिवाणाखाली विटा गेल्या. पहिल्या रात्री मी पायांकडे घसरत होते, मग आईने पावलांशी गुंडाळलेली वाकळ लावली. जळजळ सहापैकी एकाच रात्री झाली, त्या दिवशी मामांकडून मिसळ आली होती. कबूल आहे.

गोळ्या वेगळ्या केल्या. डॉक्टर म्हणाले, "आधी कुणी सांगितलं नव्हतं का?" मी काय बोलणार!

लघवीला तीनऐवजी दोनदा उठते. वांब मात्र अजून येतात, दोनदा आले. फक्त आता चवडा ओढला की मिनिटभरात सुटतो, आईला उठावं लागत नाही. कूस आता पडल्या पडल्याच बदलते. आजीने काल रात्री पाहिलं. काही बोलली नाही, पण सकाळी विचारलं, "ती सिस्टर आपल्यातलीच आहे का गं?"

सिस्टर_वहिनी · पुढचा बुधवार, दुपारी ३:०५

आजींना नमस्कार सांग. मिसळ बाळंतपणानंतर. वांब आठवडाभर असेच राहिले तर पुढच्या तपासणीला मॅग्नेशियमचं विचारून बघ.

आकडेमोड · पुढचा बुधवार, दुपारी ४:१२

आणि जावळाचं कळवा.